दहा वर्षांच्या निकालाचा चढता आलेख खरा की योगायोगाचा? शालेय समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि शालेय समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार,

वार्षिक अहवालात बहुतेक शाळा दहावीच्या दहा वर्षांच्या निकालाचा स्तंभालेख छापतात आणि खाली ‘निकालात सातत्याने वाढ’ असे लिहितात. या एका वाक्यावर पुढे बरेच काही उभे राहते. जादा तास चालू ठेवायचे की नाहीत, कोणत्या शिक्षकाचे कौतुक करायचे, देणगीदारांना काय सांगायचे, हे सगळे त्यावरून ठरते. म्हणून ते वाक्य छापण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी, अशी आमची विनंती आहे. आम्ही संख्याशास्त्र शिकवणारे लोक आहोत. ही परीक्षा कागद-पेन्सिलीने तासाभरात होते. ती कशी करायची, हे पुढे एका उदाहरणातून सांगतो.

उदाहरणातली शाळा मानलेली आहे, पण तिचे आकडे साधारण एका तुकडीच्या शाळेचे असतात तसेच आहेत. राज्याचा निकाल मात्र महाराष्ट्र राज्य मंडळाने त्या त्या वर्षी जाहीर केलेला खरा निकाल आहे. शेवटच्या स्तंभात शाळेच्या टक्केवारीतून राज्याची टक्केवारी वजा केली आहे.

| वर्ष | प्रविष्ट | उत्तीर्ण | शाळा % | राज्य % | फरक |
|---|---|---|---|---|---|
| २०१६ | ४८ | ४१ | ८५.४२ | ८९.५६ | −४.१४ |
| २०१७ | ५२ | ४५ | ८६.५४ | ८८.७४ | −२.२० |
| २०१८ | ५० | ४४ | ८८.०० | ८९.४१ | −१.४१ |
| २०१९ | ५५ | ४१ | ७४.५५ | ७७.१० | −२.५५ |
| २०२० | ४७ | ४३ | ९१.४९ | ९५.३० | −३.८१ |
| २०२१ | ५३ | ५३ | १००.०० | ९९.९५ | +०.०५ |
| २०२२ | ५८ | ५४ | ९३.१० | ९६.९४ | −३.८४ |
| २०२३ | ५१ | ४६ | ९०.२० | ९३.८३ | −३.६३ |
| २०२४ | ५४ | ५१ | ९४.४४ | ९५.८१ | −१.३७ |
| २०२५ | ४९ | ४५ | ९१.८४ | ९४.१० | −२.२६ |

अहवाल लिहिणारा साहजिकच पहिल्या पाच वर्षांची सरासरी काढेल, ती ८५.२ येते. शेवटच्या पाच वर्षांची ९३.९ येते. म्हणजे पावणेनऊ टक्क्यांची वाढ, आणि ती नजरेत भरणारी आहे. आता हीच बेरीज राज्याच्या स्तंभाची करून पाहा. पहिली पाच वर्षे ८८.०, शेवटची पाच ९६.१. राज्याचा निकालही आठ टक्क्यांनी वर गेला आहे. शाळा ज्या वाढीचे श्रेय घेऊ पाहते, तिच्यातला जवळजवळ सगळा भाग राज्यातल्या प्रत्येक शाळेच्या वाट्याला आलेला आहे.

राज्याचा निकाल वरखाली का झाला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. २०१९ साली भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे वीस गुण बंद झाले आणि निकाल एका वर्षात ८९.४१ वरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. त्यातच टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला. २०२२ मध्ये अभ्यासक्रम पंचाहत्तर टक्के होता, लिहायला जादा वेळ होता आणि केंद्रही मुलांच्या स्वतःच्या शाळेत होते. २०२३ पासून पूर्ण अभ्यासक्रम परत आला. दरवर्षी राज्यात पंधरा लाखांच्या आसपास मुले बसतात. एवढ्या मोठ्या संख्येत नशिबाचा वाटा टक्क्याच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो. म्हणून राज्याच्या टक्केवारीतला मोठा बदल योगायोगाने होत नाही. मोजपट्टी बदलली की तो होतो. आपल्या शाळेचे आकडे त्याच बदलत्या मोजपट्टीने मोजलेले आहेत. म्हणून पहिले काम राज्याची टक्केवारी वजा करण्याचे. आपल्या विभागीय मंडळाचे आकडे दहाही वर्षांचे हाताशी असतील तर ते वजा करणे आणखी चांगले. मात्र काही वर्षे राज्य आणि काही वर्षे विभाग अशी सरमिसळ करू नका.

दुसरी गोष्ट शाळेच्या स्वतःच्या आकड्यातल्या डुगडुगीची. समजा, एखाद्या शाळेचे शिकवणे दहा वर्षे अगदी तसेच आहे आणि प्रत्येक मुलाची उत्तीर्ण होण्याची शक्यता दरवर्षी शंभरात नव्वद आहे. पन्नास मुले बसली तर पंचेचाळीस उत्तीर्ण व्हावीत. पण प्रत्यक्षात बरोबर पंचेचाळीस क्वचितच होतात. एखाद्याला परीक्षेच्या दिवशी ताप येतो, एखाद्याला नेमका सोडवलेला प्रश्न येतो, कुणी एका गुणाने राहतो. ही डुगडुगी मोजायचे सूत्र सोपे आहे. मुलांची संख्या, उत्तीर्ण होण्याचे प्रमाण आणि अनुत्तीर्ण होण्याचे प्रमाण यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यायचे. ५० × ०.९ × ०.१ म्हणजे ४.५, त्याचे वर्गमूळ २.१. दोन मुले इकडे किंवा तिकडे ही नेहमीची गोष्ट झाली, आणि चार मुलांपर्यंतचा फरकही अधूनमधून पडतोच. टक्क्यांत सांगायचे तर काहीही न बदलता निकाल एखाद्या वर्षी ८२ आणि दुसऱ्या वर्षी ९८ लागू शकतो. पंचवीस मुलांच्या शाळेत नेहमीची डुगडुगी सहा टक्क्यांची असते, दोनशे मुलांच्या शाळेत दोन टक्क्यांची. म्हणूनच टक्केवारीशेजारी प्रविष्ट आणि उत्तीर्ण ही संख्या छापली नसेल तर तो आलेख वाचताच येत नाही.

आता प्रत्यक्ष चाचणी. एक्सेलमध्ये आलेखावर कलरेषा ओढली तर आपल्या उदाहरणात ती दरवर्षी १.१४ टक्क्यांची चढण दाखवते. अशी रेषा पुष्कळ लोक ओढतात, पण तिच्यावर विसंबू नका. सरळ रेषा टोकाचे आकडे असलेल्या वर्षांच्या ओढीने कलते. आपल्याकडे २०१९ आणि २०२१ ही दोन वर्षे तशीच आहेत. इतक्या थोड्या वर्षांसाठी फक्त क्रम पाहणारी पद्धत जास्त भरवशाची. ती मान आणि केंडॉल या दोन संख्याशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखली जाते आणि नदीचे पाणी, पाऊस यांच्या दीर्घ नोंदींसाठी ती नेहमी वापरतात.

कृती अशी. पहिल्या वर्षाचा आकडा घ्या आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाशी त्याची तुलना करा. नंतरचा आकडा मोठा असेल तर अधिक एक, लहान असेल तर उणे एक, सारखा असेल तर शून्य. मग दुसरे वर्ष घेऊन त्याच्या नंतरच्या वर्षांशी हेच करा. असे शेवटपर्यंत. दहा वर्षांच्या पंचेचाळीस जोड्या होतात. सगळ्यांची बेरीज म्हणजे शिल्लक. पुस्तकांत ती S या अक्षराने लिहितात. दरवर्षी निकाल वाढतच गेला असेल तर शिल्लक ४५ येईल, दरवर्षी घटत गेला असेल तर उणे ४५. काहीच कल नसेल तर ती शून्याच्या आसपास राहील.

आसपास म्हणजे किती, हाच खरा प्रश्न आहे. दहा आकडे दहा चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका, हलवा आणि एकेक काढून ओळीने मांडा. या मांडणीत वर्षांचा काही संबंध उरत नाही, तरी शिल्लक शून्य येईलच असे नाही. दहा चिठ्ठ्या ३६,२८,८०० प्रकारे मांडता येतात. त्यांपैकी किती मांडण्यांत शिल्लक आपल्याइतकी किंवा तिच्याहून टोकाची येते, हे पूर्वीच मोजून ठेवलेले आहे. दहा वर्षांसाठी शिल्लक अधिक २३ किंवा त्याहून जास्त, अथवा उणे २३ किंवा त्याहून खाली, अशा मांडण्या शंभरात साडेचार-पाच असतात, नेमके ४.६. म्हणून दहा वर्षांची सीमा २३. नऊ वर्षांसाठी २०, आठ वर्षांसाठी १८. या सीमेच्या आत शिल्लक असेल तर असा आलेख केवळ चिठ्ठ्या हलवूनही सहज येऊ शकतो, असे समजायचे.

आधी शाळेच्या कच्च्या टक्केवारीवर ही चाचणी लावू. २०१६ चे ८५.४२ पुढच्या नऊ वर्षांशी ताडले तर फक्त २०१९ लहान आहे, बाकी आठ मोठी. म्हणून अधिक ७. याच रीतीने २०१७ ला अधिक ६, २०१८ ला अधिक ५, २०१९ ला अधिक ६, २०२० ला अधिक ३. २०२१ च्या शंभर टक्क्यांपुढची चारही वर्षे लहान, म्हणून उणे ४. मग २०२२ ला उणे १, २०२३ ला अधिक २, २०२४ ला उणे १. बेरीज २३, म्हणजे बरोबर सीमेवर. अहवाल लिहिणाऱ्याने इथेच थांबायचे ठरवले तर ‘संख्याशास्त्रीय चाचणीनेही वाढ सिद्ध’ असे लिहायला तो मोकळा होईल. चाचणीत चूक नाही, गणितही बरोबर आहे. निकाल खरोखरच वर गेला आहे. पण तो शाळेमुळे गेला का, हे या चाचणीला विचारलेलेच नाही.

ते विचारण्यासाठी शेवटच्या स्तंभाकडे या. इथे २०२१ गाळून टाका. त्या वर्षी लेखी परीक्षा नव्हती, राज्यात जवळजवळ सगळेच उत्तीर्ण झाले, तेव्हा शाळाशाळांत फरक दिसायला जागाच नव्हती. त्या वर्षीचा ‘+०.०५’ हा फरक शाळेबद्दल काहीच सांगत नाही. उरलेल्या नऊ वर्षांवर तीच कृती करा. २०१६ चा फरक सगळ्यांत खालचा आहे, म्हणून त्याला अधिक ८. २०१७ ला उणे ३, २०१८ ला उणे ४, २०१९ ला उणे १, २०२० ला अधिक २, २०२२ ला अधिक ३, २०२३ ला अधिक २, २०२४ ला उणे १. शिल्लक ६. सीमा २० होती. नऊ चिठ्ठ्या नुसत्या हलवल्या तरी शंभरात एकसष्ट वेळा शिल्लक सहा किंवा त्याहून टोकाची येते. राज्याच्या तुलनेत ही शाळा वर चालली आहे, असे म्हणायला या आकड्यांत काहीही आधार नाही.

हाताने जोड्या मोजताना एखादी निसटते. म्हणून पडताळ्यासाठी गूगल शीट्समध्ये फरकाचा स्तंभ F2 ते F10 मध्ये जुन्या वर्षापासून नव्याकडे भरा आणि रिकाम्या घरात हे सूत्र लिहा. जुन्या एक्सेलमध्ये सूत्र लिहिल्यावर Ctrl+Shift+Enter दाबावे लागते.

```
=SUMPRODUCT(SIGN(F2:F10-TRANSPOSE(F2:F10))*(ROW(F2:F10)>TRANSPOSE(ROW(F2:F10))))
```

उत्तर ६ यायला हवे. वर्षे उलट्या क्रमाने भरली तर चिन्ह उलटते. मंडळाच्या याद्या पुष्कळदा नव्या वर्षापासून सुरू होतात, त्यामुळे ही चूक वारंवार होते.

नुसती वजाबाकी पुरेशी आहे का, असा प्रश्न जाणकार विचारतील, आणि तो रास्त आहे. राज्याचा निकाल ७७ असताना तीन टक्के मागे असणे आणि तो ९७ असताना तीन टक्के मागे असणे सारखे नाही. दुसऱ्या परिस्थितीत डुगडुगीला जागा कमी असते, म्हणून तेवढीच पिछाडी जास्त गंभीर ठरते. याची काळजी घ्यायची तर राज्याच्या प्रमाणाने किती मुले उत्तीर्ण व्हायला हवी होती ते काढा, प्रत्यक्ष उत्तीर्णांतून ते वजा करा आणि वर सांगितलेल्या वर्गमुळाने भागा. २०२२ साठी ५८ मुलांत राज्याच्या प्रमाणाने ५६.२ अपेक्षित होती, झाली ५४. कमतरता २.२, वर्गमूळ १.३, भागाकार उणे १.७. सगळ्या वर्षांचे असे भागाकार घेऊन शिल्लक काढली तर ती शून्याच्या जरा खाली जाते. निष्कर्ष बदलत नाही, उलट पक्का होतो.

इथे थांबून त्याच स्तंभाकडे पुन्हा एकदा पाहा, कारण त्यात दडलेली खरी खूण कलाची नाही. परीक्षा झालेल्या नऊच्या नऊ वर्षांत फरक उणे आहे. शाळा आणि राज्य सारखेच असते तर एखादे वर्ष वर, एखादे खाली असे झाले असते. नाणे नऊ वेळा उडवून नऊही वेळा एकच बाजू पडावी, तसे हे आहे. तसे होण्याची शक्यता २५६ मध्ये १. नऊ वर्षांत मिळून ४६४ मुले बसली, राज्याच्या प्रमाणाने सुमारे ४२३ उत्तीर्ण व्हायला हवी होती, झाली ४१०. तेरा मुले कमी. कोणत्याही एका वर्षी ही कमतरता एक-दोन मुलांची असल्याने लक्षात येत नाही, आणि चढत्या स्तंभालेखामुळे तर ती पूर्णच झाकली जाते. या शाळेच्या समितीने बैठकीत ज्यावर बोलायला हवे ते हे आहे. अनुत्तीर्ण मुले कोणत्या विषयात राहिली, हे निकालपत्रकांवरून एका दुपारी काढता येते. एकाच विषयात बहुतेक जण अडकलेले दिसले तर जादा तास कुठे लावायचे हेही ठरते.

चाचणी लावताना एका गोष्टीचे भान ठेवा. शिल्लक सीमेच्या आत राहिली याचा अर्थ ‘सुधारणा झालीच नाही’ असा होत नाही. पन्नास मुलांच्या शाळेत डुगडुगीच चार टक्क्यांची असते. अशा शाळेने खरोखर दरवर्षी एक टक्का याप्रमाणे दहा वर्षे सुधारणा केली, तरी ही चाचणी दहापैकी पाच-सहा वेळा ती ओळखू शकणार नाही. सुधारणा वर्षाला अर्ध्या टक्क्याची असेल तर बहुतेक वेळा ती निसटेलच. म्हणून लहान शाळेच्या अहवालात ‘वाढ नाही’ असे न लिहिता ‘एवढ्या मुलांवरून सांगता येत नाही’ असे लिहावे. शिक्षकांच्या कामाचे मोल ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा आहे. दहा वर्षे मेहनत घेतलेल्या शिक्षकाला ‘तुमच्या कामाचा परिणाम शून्य’ असे सांगण्याचा अधिकार हे आकडे कुणालाही देत नाहीत.

ज्या शाळांचा निकाल आधीच अठ्ठ्याण्णव-शंभर टक्के लागतो, त्यांच्यासाठी उत्तीर्णांची टक्केवारी ही मोजपट्टीच संपलेली असते. तिथे गणिताच्या किंवा इंग्रजीच्या गुणांचा मध्यक दरवर्षी काढून त्यावर चाचणी लावा. पण त्यातूनही परीक्षेतले बदल वजा करावे लागतात. तसा राज्याचा आकडा नसेल तर तालुक्यातल्या तीन-चार शाळांनी आपापले मध्यक एकत्र आणून तुलना करावी.

सगळ्यांत जास्त फसगत मात्र चाचणीत होत नाही, ती टक्केवारीच्या छेदात होते. समजा, नववीत कच्ची ठरलेली चार मुले दहावीला शाळेतून बसलीच नाहीत. त्यांना नववीत ठेवले, किंवा फॉर्म नंबर १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसायला सांगितले. शाळेतून पन्नास बसली, सेहेचाळीस उत्तीर्ण झाली, निकाल ९२ टक्के. ती चारही बसली असती आणि त्यांतले एक उत्तीर्ण झाले असते, तर ५४ पैकी ४७, म्हणजे ८७ टक्के. पाच टक्क्यांची वाढ केवळ दाराशी मुले अडवून मिळाली. कोणतीही चाचणी हे पकडू शकत नाही, कारण तिला दिलेल्या आकड्यांत ती मुले नाहीतच. म्हणून तक्त्यात आणखी एक स्तंभ घ्या, आधीच्या वर्षी ३० सप्टेंबरला नववीच्या पटावर किती मुले होती त्याचा. पट आणि प्रविष्ट यांतली तफावत वर्षागणिक वाढत गेली असेल तर उत्तीर्णांची टक्केवारी बाजूला ठेवा. नववीच्या पटातली किती मुले पुढच्या वर्षी उत्तीर्ण झाली, याच प्रमाणावर चाचणी लावा. काही मुले गाव सोडून जातात, काही नवी येतात. शाळा सोडल्याचे दाखले पाहून ती वेगळी करता येतात. तफावत न वाढता स्थिर असेल तर कलाच्या चाचणीला तिचा त्रास होत नाही.

छेदाबाबत दुसरी चूक म्हणजे आकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून घेणे. राज्याचा जाहीर निकाल नियमित विद्यार्थ्यांचा असतो. शाळेने त्यात पुनर्परीक्षार्थी मिसळले तर तुलना बिघडते. जुलैच्या पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांना काही शाळा नंतर मुख्य निकालात मिळवून टक्केवारी ‘सुधारतात’, तीही अलीकडच्या वर्षांपुरतीच. अशाने शेवटच्या दोन-तीन वर्षांना खोटा चढ मिळतो. दहाही वर्षे फक्त मार्चचा निकाल आणि फक्त नियमित विद्यार्थी, हा नियम पाळा आणि आकडे मंडळाच्या निकालपत्रकावरून घ्या, जुन्या अहवालांवरून नव्हे.

वर्षे कोणती घ्यायची हेही आकडे बघायच्या आधी ठरवायला हवे. आपल्या उदाहरणात २०१९ पासून सुरुवात केली तर सहा वर्षांत सतरा टक्क्यांची झेप दिसते, २०२२ पासून सुरुवात केली तर घसरण दिसते. दोन्ही आकडे खरे, दोन्ही आलेख दिशाभूल करणारे. ठरावात आधी लिहून ठेवा की चाचणी अमुक दहा वर्षांवर होईल, परीक्षा न झालेले वर्ष गाळले जाईल, राज्याचा निकाल वजा केला जाईल आणि वाढ व घट दोन्ही तपासल्या जातील. मग निकाल काहीही येवो, तो तसाच छापावा.

एकाहून अधिक शाळा चालवणाऱ्या संस्थांना एक वेगळी सूचना. वीस शाळांवर ही चाचणी लावली आणि एकाही शाळेत काही बदललेले नसले, तरी वीसपैकी एका शाळेची शिल्लक सीमेबाहेर जाईल, अशीच अपेक्षा असते. सीमा ठरवतानाच शंभरात सुमारे पाच वेळा चुकण्याची मुभा आपण दिली आहे. त्या एका शाळेचा सत्कार आणि तिचीच पद्धत बाकी एकोणीस शाळांवर लादणे, हा निर्णय चिठ्ठ्यांवर घेतल्यासारखा होईल. वीस शाळा असतील तर एका शाळेसाठी शंभरात पाचऐवजी चारशेत एक ही कडक सीमा ठेवा. दहा वर्षांसाठी शिल्लक २३ नव्हे, ३१ च्या पुढे गेली पाहिजे. नाहीतर यंदा पुढे दिसलेल्या शाळेकडे आणखी दोन-तीन वर्षे नुसते लक्ष ठेवा. वाढ खरी असेल तर ती टिकेल.

जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनाही याच पत्रातून एक विनंती. शाळांकडून निकालाची माहिती मागवताना नुसती टक्केवारी मागू नये. नववीचा पट, नियमित प्रविष्ट आणि उत्तीर्ण, असे तीन आकडे दहाही वर्षांचे मागावेत आणि त्याच तक्त्यात विभागाचा निकाल आधीच भरून पाठवावा. मग प्रत्येक मुख्याध्यापकाला वजाबाकीसाठी आकडे शोधत बसावे लागणार नाही.

उदाहरणातल्या शाळेच्या अहवालात ‘निकालात सातत्याने वाढ’ या ओळीच्या जागी आम्ही असे लिहिले असते: ‘२०१६ ते २०२५ या काळात शाळेचा निकाल वाढला, पण तेवढाच राज्याचाही वाढला. राज्याच्या तुलनेत वाढ किंवा घट दिसत नाही (२०२१ वगळून नऊ वर्षे, शिल्लक ६, सीमा २०). परीक्षा झालेल्या नऊही वर्षांत आपला निकाल राज्यापेक्षा कमी आहे आणि एकूण तेरा विद्यार्थ्यांची कमतरता आहे. या वर्षांत कोणते विद्यार्थी कोणत्या विषयांत अनुत्तीर्ण झाले याची यादी सोबत जोडली आहे.’

आपले,
संख्याशास्त्र शिकवणारे काही शिक्षक